कांदाचाळ: ५ वर्षांची बांबूची की १५ वर्षांची लोखंडी? हिशेब केलाय, पण दोन पद्धती दोन उत्तरं देतात

कादवाकाठ

निफाड तालुक्यात २५ टनांची एक चाळ बांधायची आहे. जागा एकच आहे, म्हणजे दोन्हींपैकी एकच चाळ होणार. दोन अंदाजपत्रकं हातात आहेत.

पहिली बांबू-बल्लीची, वर पाचट. खर्च १,५०,००० रुपये, आयुष्य ५ वर्षं धरलंय. सड, वजनघट, भरणं-काढणं, निवड, डागडुजी सगळं वजा जाता उन्हाळ कांदा साठवण्याचा फायदा वर्षाला ६५,००० रुपये.

दुसरी लोखंडी अँगलची, वर सिमेंटचे पत्रे. खर्च ४,००,०००, आयुष्य १५ वर्षं. फायदा वर्षाला ८०,०००. वरचे १५,००० असे आले: अंदाजे ८ क्विंटल कांदा कमी सडेल, १,५०० च्या भावाने १२,०००, आणि पाचट बदलायचा वगैरे खर्च ३,००० ने कमी.

कर्ज १२ टक्क्यांनी मिळतंय, म्हणून सूट दर १२ टक्के घेतला. निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे सगळ्या वर्षांचा फायदा आजच्या मोलात आणून त्यातून खर्च वजा, बांबूच्या चाळीचं ८४,३१२ आलं आणि लोखंडीचं १,४४,८७२. म्हणजे लोखंडी सरळ पुढे. पण ईएए, म्हणजे तेच मूल्य दरवर्षीच्या समान रकमेत, काढला तर बांबू २३,३८९ आणि लोखंडी २१,२७१. म्हणजे बांबू पुढे! यातलं कुठलं खरं मानायचं?

सिन्नर_घाट

आयुष्य वेगळं असेल तर वर्तमान मूल्य थेट ताडून बघायचं नसतं. ५ वर्षांची आणि १५ वर्षांची कमाई एका तराजूत कशी घालणार? वर्षांनी भागा. ८४,३१२ भागिले ५ म्हणजे १६,८६२. १,४४,८७२ भागिले १५ म्हणजे ९,६५८. बांबू पुढे. एवढाच हिशेब आहे, त्यासाठी ईएए कशाला?

दारणा_लेखा

सिन्नरदादा, पहिलं वाक्य बरोबर आहे, भागाकार चुकीचा आहे. वर्षांनी भागलं की पंधराव्या वर्षाचा रुपया आणि पहिल्या वर्षाचा रुपया सारखाच धरला जातो. वर्तमान मूल्य काढताना जी काळजी घेतली ती शेवटच्या पायरीवर पुसली गेली. इथे क्रम योगायोगाने तोच आलाय, पण अंतर बघा: तुमच्या भागाकारात बांबू ७,२०० रुपयांनी पुढे दिसतो, ईएएमध्ये जेमतेम २,१०० नी. लांब आयुष्याच्या प्रकल्पावर असा भागाकार कायम अन्याय करतो. अंतर कमी असेल तिथे उत्तरच उलटं येईल.

ईएएत वर्षांनी नाही, त्या वर्षांच्या अॅन्युइटी फॅक्टरने भागायचं, म्हणजे तेवढी वर्षं दरवर्षी एक रुपया मिळाला तर त्याचं आजचं जे मोल होतं त्याने. १२ टक्क्यांना ५ वर्षांचा फॅक्टर ३.६०४८ आणि १५ वर्षांचा ६.८१०९. कादवाभाऊंनी तेच केलंय आणि आकडे बरोबर आहेत. सोप्या रीतीनेही पडताळता येतं, कारण दरवर्षीची आवक सारखीच आहे. बांबूच्या चाळीचे १,५०,००० जर १२ टक्क्यांनी ५ समान वार्षिक हप्त्यांत फेडले तर हप्ता ४१,६११ येतो. ६५,००० मधून तो काढला की २३,३८९ उरतात. लोखंडीचा हप्ता ५८,७२९, आणि ८०,००० मधून उरतात २१,२७१. ईएए म्हणजे चाळीने स्वतःचा हप्ता भरून दरवर्षी हातात ठेवलेली रक्कम.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. वर्तमान मूल्य विचारतं की ही चाळ एकदाच बांधली आणि मोडल्यावर काहीच केलं नाही तर किती मिळेल. ईएए विचारतं की चाळ मोडली की तशीच पुन्हा, तेवढ्याच खर्चात, तेवढ्याच फायद्याची बांधत राहिलो तर वर्षाला किती मिळेल. निफाडमध्ये कांदा करणारा माणूस पाच वर्षांनी साठवण बंद करत नाही, म्हणून तुमच्यासाठी दुसरा प्रश्न जवळचा. पण त्यातलं "तेवढ्याच खर्चात" हे लक्षात ठेवा, त्यावर परत येते.

सिन्नर_घाट

मान्य, भागाकार घाईत केला. मग सरळ १५ वर्षांचा तक्ताच मांडू, बांबूची चाळ तीनदा. ती खरी पद्धत, ईएए अंदाजाची.

दारणा_लेखा

अंदाजाची नाही, तीच गोष्ट आहे. मांडून बघा. पहिल्या चाळीचे ८४,३१२ आज. दुसरी पाचव्या वर्षी, म्हणून ८४,३१२ गुणिले ०.५६७४. तिसरी दहाव्या वर्षी, गुणिले ०.३२२०. बेरीज सुमारे १,५९,३००. आता २३,३८९ ला १५ वर्षांच्या फॅक्टरने, ६.८१०९ ने गुणा. तेच १,५९,३००. लोखंडीच्या १,४४,८७२ पेक्षा जास्त, म्हणजे क्रमही तोच.

ईएएचा फायदा आयुष्यं अडनिडी असतात तेव्हा कळतो. ५ आणि १५ चा मेळ १५ वर बसला, पण ७ आणि १२ असते तर ८४ वर्षांचा तक्ता मांडावा लागला असता. तक्त्याचा फायदा वेगळा: दुसरी आणि तिसरी चाळ पहिलीपेक्षा महाग पडणार असेल तर ते तक्त्यात दाखवता येतं. ईएएच्या एका आकड्यात ते मावत नाही.

अंबड_टर्निंग

इथे आयता विषय निघालाय म्हणून विचारतो. आमच्या युनिटला कॉम्प्रेसर घ्यायचाय. एक २ लाखांचा, ४ वर्षं, वीज-देखभाल वर्षाला ९०,०००. दुसरा साडेतीन लाखांचा, ८ वर्षं, वीज-देखभाल ७०,०००. यात उत्पन्न असं काही नाहीच. ईएए उणे येतोय, पहिल्याचा उणे १,५५,८४८ आणि दुसऱ्याचा उणे १,४०,४५६. "मोठा आकडा घ्यायचा" म्हणून पहिला निवडायचा का?

दारणा_लेखा

नाही दादा, दुसरा. तुमच्याकडे फक्त खर्च आहे, म्हणून हा वर्षाचा समतुल्य खर्च झाला, आणि तो कमी असलेला घ्यायचा. उणे १,४०,४५६ हा उणे १,५५,८४८ पेक्षा मोठाच आहे, चिन्हाकडे दुर्लक्ष केलं म्हणून घोळ झाला. फक्त एक बघा: दोन्ही कॉम्प्रेसर तेवढीच हवा तेवढ्याच दाबाने देतात ना? एकाची क्षमता जास्त असेल आणि ती तुमच्या कामाला येणार असेल, तर नुसत्या खर्चाची तुलना लागू पडत नाही.

उन्हाळकांदा

अहो, एवढे आकडे कशाला? पाचटाखाली कांदा थंड राहतो. पत्रा तापला की आत उकाडा, मग सड आणि वजनघट. कमी काय सडणार, जास्तच सडेल. एक पाखी चाळ असेल तर दक्षिणोत्तर बांधा, दोन पाखी असेल तर पूर्व-पश्चिम. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या म्हणजे खालून हवा खेळेल. रुंदी चार फूट, थर पाच फुटांच्या वर नको. एवढं पाळलं तर बांबूतही कांदा टिकतो.

कादवाकाठ

दादा, प्रश्न कांदा कसा टिकवायचा हा नव्हता, दोन चाळींची तुलना कशी करायची हा होता. आणि पत्रा लोखंडी नाही, सिमेंटचा आहे, तो त्या मानाने कमी तापतो.

दारणा_लेखा

कादवाभाऊ, थांबा. प्रश्न वेगळा असला तरी त्यांनी तुमच्या हिशेबातल्या मोठ्या आकड्यावर बोट ठेवलंय. १५,००० पैकी १२,००० तुम्ही कमी सडीचे धरलेत. ती सड लोखंडामुळे कमी होते की खालून हवा खेळल्यामुळे? लोखंडी चाळीच्या अंदाजपत्रकात उंच तळ असेल आणि बांबूच्या अंदाजपत्रकात कांदा जमिनीलगत असेल, तर तुम्ही साहित्याची नाही, रचनेची तुलना करताय. बांबूलाही तोच तळ, तीच रुंदी दिली तर तुलना सारख्यात सारखी होईल.

कादवाकाठ

बघितलं. बांबूच्या कागदावर तळ एक विटेच्या थराचाच आहे. लोखंडीत दोन फूट.

दारणा_लेखा

मग ते १२,००० लोखंडाचे नाहीत. बांबूवाल्याकडून दोन फूट उंच तळाचा भाव घ्या. समजा त्याने त्यासाठी २०,००० वाढवले. खर्च १,७०,०००, त्याचा वर्षाचा हप्ता ४७,१५९. आवक ६५,००० ची ७७,००० झाली. ईएए २९,८४१. बांबू एकदम साडेआठ हजारांनी पुढे गेला, आणि गंमत म्हणजे यात दर किंवा आयुष्य काहीच बदललं नाही. दोन प्रकल्पांची आवक वेगळी असेल तर ती कशामुळे वेगळी आहे हे एका वाक्यात सांगता यायला हवं.

सिन्नर_घाट

माझ्याकडे बांबूचा ईएए २०,८८३ येतोय आणि लोखंडीचा १८,९९२. मूळ आकडेच घेतलेत. शीटमध्ये असं आहे:

```
=-PMT(12%,5,NPV(12%,B2:B7))
```

B2 मध्ये उणे १,५०,०००, B3 ते B7 मध्ये ६५,०००.

दारणा_लेखा

`NPV` हे फंक्शन यादीतली पहिली रक्कम एका वर्षाने येणार असं धरतं. तुमचे १,५०,००० आज जाणार आहेत, पण त्यांनाही १.१२ ने भागलं गेलं. २३,३८९ ला १.१२ ने भागा, तुमचे २०,८८३ मिळतील. आजची रक्कम बाहेर ठेवायची:

```
=-PMT(12%,5,NPV(12%,B3:B7)+B2)
```

ही चूक लवकर सापडत नाही, कारण दोन्ही प्रकल्पांना १.१२ नेच भागलं जातं आणि क्रम तसाच राहतो. पण वर्षाला हातात किती राहणार हा आकडा चुकतो. दुसरी चूक अशी की शीट खाली ओढताना `PMT` मधले ५ तसेच राहतात आणि १५ वर्षांच्या चाळीलाही ५ वर्षांचा फॅक्टर लागतो. मग लोखंडीचा ईएए ४०,००० च्या पुढे जातो आणि सगळे खूश होतात. पडताळणी एकच: आवक वजा ईएए म्हणजे गुंतवणुकीचा हप्ता, तो त्या आयुष्याच्या कर्जाच्या हप्त्याशी जुळला पाहिजे.

मोसम_खोरं

सगळं वाचलं. बांबूची चाळ ५ वर्षं टिकते हे कुणी ठरवलं? जमिनीत गाडलेल्या बल्लीला वाळवी लागली, बांबूला भुंगा लागला, तर चौथ्या पावसाळ्यानंतर ती भरायला भीती वाटते. त्या एका वर्षाने किती फरक पडतो?

दारणा_लेखा

खूप पडतो. मूळ आकड्यांवर बघा. बांबू ४ वर्षं टिकला तर ईएए १५,६१४, ५ वर्षांना २३,३८९, ६ वर्षांना २८,५१६. एका वर्षाची चूक पावणेआठ हजारांची. लोखंडी १५ ऐवजी १४ वर्षं टिकली तर २१,२७१ चे १९,६५२ होतात, फक्त १,६०० चा फरक. २० वर्षं टिकली तरी २६,४४८.

कारण उघड आहे. १,५०,००० चार जणांत वाटायचे की पाच जणांत, यात मोठा फरक आहे, चौदा की पंधरा यात थोडा. शिवाय पंधराव्या वर्षाचे ८०,००० आजच्या भावात जेमतेम १४,६०० चे असतात. म्हणून चौकशीला वेळ द्यायचा तर तो बांबूच्या आयुष्यावर द्या. बल्ली गाडायच्या आधी बुडाला डांबर आहे का, बांबूवर प्रक्रिया केलीय का, की बल्ली सिमेंटच्या ठोकळ्यावर बोल्टने बसवलीय, हे अंदाजपत्रकात बघा. ५ आणि ४ मधला फरक तिथेच ठरतो.

सिन्नर_घाट

म्हणजे आता उंच तळ दिला तर बांबू, चार वर्षं टिकला तर लोखंडी. निकाल लागायचाच नाही का?

दारणा_लेखा

अजून "तेवढ्याच खर्चात" राहिलंय. सगळ्यात मोठी चूक तिथे आहे, आणि ती आपण सगळ्यांनी, मी धरून, आत्तापर्यंत चालू दिली.

६५,००० आणि ८०,००० हे आकडे कादवाभाऊंनी आजच्या भावाने काढलेत. कांदा १,५०० क्विंटल, मजुरी आजची. पंधरा वर्षं तेच आकडे वापरले. पण १२ टक्के हा बँकेचा दर आहे, आणि बँकेच्या दरात महागाई धरलेली असते. रकमा महागाईविना आणि दर महागाईसह, हा मेळ चुकीचा आहे. त्याने लांबच्या वर्षांचं मोल विनाकारण कमी होतं, आणि लांबची वर्षं लोखंडीकडेच जास्त आहेत.

दोन मार्ग आहेत. एक, सगळ्या रकमा आजच्या भावात ठेवायच्या आणि दरातून महागाई काढायची. महागाई ५ टक्के धरली तर १.१२ भागिले १.०५, म्हणजे दर ६.६७ टक्के. आता मूळ अंदाजपत्रकांवर बांबूचा ईएए २८,७४२ आणि लोखंडीचा ३७,००२. क्रम उलटला! १२ मधून ५ वजा करून सरळ ७ टक्के घेतला तरी क्रम हाच राहतो. हे आकडे आजच्या रुपयांतले आहेत हे लक्षात ठेवा, मागच्या २३,३८९ शी त्यांची तुलना करू नका.

दुसरा मार्ग म्हणजे दर १२ टक्केच ठेवून १५ वर्षांचा तक्ता मांडायचा आणि त्यात प्रत्येक रक्कम तिच्या त्या वर्षीच्या भावाने लिहायची.

मोसम_खोरं

पहिला मार्ग मला मान्य नाही. त्यात कांद्याचा फायदाही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत जातो असं आपोआप धरलं जातं. कांदा तसा वागतो का? ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत होती. चाळीत कांदा ठेवण्याचा फायदा हा उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यानंतरच्या भावातला फरक असतो. तो फरक महागाईबरोबर चढतो असं कुठे लिहिलंय? बांबू, बल्ली, मजुरी मात्र नक्की चढतात.

दारणा_लेखा

हा आक्षेप रास्त आहे. मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे मांडू: आवक पंधरा वर्षं तशीच, न वाढणारी, आणि फक्त चाळ पुन्हा बांधायचा खर्च ५ टक्क्यांनी वाढणारा. दर १२ टक्के.

दुसरी बांबूची चाळ पाचव्या वर्षी १,९१,४४२ ला पडेल, तिसरी दहाव्या वर्षी २,४४,३३४ ला. तिन्हींच्या खर्चाचं आजचं मूल्य ३,३७,२९८. पंधरा वर्षांच्या ६५,००० चं आजचं मूल्य ४,४२,७०९. उरले १,०५,४११. वर्षाला १५,४७७. लोखंडी एकदाच बांधायची, म्हणून तिचे २१,२७१ तसेच. म्हणजे कांद्याचा फायदा एक पैसाही वाढला नाही तरी मूळ अंदाजपत्रकांवर लोखंडीच पुढे.

बांबूचा खर्च किती वाढला की दोन्ही बरोबरीत येतात तेही काढलं. वर्षाला जेमतेम दीड टक्का. पाच वर्षांनी तीच चाळ १,६१,७०० ला पडली की बांबूची आघाडी संपते. पाच वर्षांत ११,७०० रुपयांची वाढ!

कादवाकाठ

ताई, हे डोक्यात शिरलं. म्हणजे ईएएने बांबू पुढे दाखवला तो फक्त "पुढची चाळही १,५०,००० लाच" या एका ओळीच्या जोरावर.

पण मग उंच तळाची बांबूची चाळ याच पद्धतीने?

दारणा_लेखा

१,७०,००० ची चाळ, आवक ७७,०००, आवक न वाढणारी, खर्च ५ टक्क्यांनी वाढणारा. तिन्ही चाळींच्या खर्चाचं आजचं मूल्य ३,८२,२७१, आवकेचं ५,२४,४३९. उरले १,४२,१६८. वर्षाला २०,८७४. लोखंडीचे २१,२७१. चारशे रुपयांचा फरक, म्हणजे बरोबरीच समजा. आकड्यांनी निकाल लागत नाही असं इथे म्हणता येईल, आधी नाही.

उन्हाळकांदा

अनुदानाचं कुणीच बोलत नाही. कांदाचाळीला टनाला ३,५०० याप्रमाणे २५ टनांना ८७,५०० असं बरीच वर्षं मिळत होतं. ते धरलं की संपला प्रश्न.

दारणा_लेखा

धरायचंच, पण कुठे धरायचं ते महत्त्वाचं. सध्याचा दर आणि आराखड्याच्या अटी कृषी सहायकांकडून घ्या. पूर्वसंमती घेऊन, ठरलेल्या आराखड्याप्रमाणे बांधलं तरच मिळतं. उदाहरणापुरते ८७,५०० घेते.

लोखंडीला मिळाले आणि बांधकामानंतर वर्षभराने खात्यात आले, तर आजचं मूल्य ७८,१२५. ते १५ वर्षांवर वाटले की वर्षाला ११,४७१. लोखंडी ३२,७४२ वर जाते.

बांबूला मिळालं तर मात्र सापळा आहे. ८७,५०० पहिल्या चाळीच्या वर्तमान मूल्यात मिळवून ५ वर्षांच्या फॅक्टरने भागलं तर ईएए असं धरतो की पाचव्या आणि दहाव्या वर्षीही अनुदान पुन्हा मिळेल. त्याने वर्षाला २१,६७२ वाढलेले दिसतात. अनुदान एकदाच मिळणार असेल तर तेही १५ वर्षांवरच वाटायचं, म्हणजे वाढ ११,४७१ चीच. जे एकदाच मिळणार आहे ते आयुष्याच्या फॅक्टरने कधीच भागू नका. तळाचं सपाटीकरण, रस्त्याची मुरूमभरणी असले एकदाचे खर्चही असेच. दुसरी चाळ त्याच जागेवर येणार असेल तर ते पुन्हा येत नाहीत.

मोसम_खोरं

मग माझा प्रश्न. आमची जागा खंडाने आहे, करार ५ वर्षांचा. पुढे मिळेलच असं नाही. आम्ही यातलं काय घ्यायचं?

दारणा_लेखा

तुम्ही ईएए काढूच नका. तो पुन्हा बांधण्याचा हिशेब आहे, आणि तुमच्याकडे पुन्हा बांधायला जागाच नाही. ५ वर्षांचं वर्तमान मूल्य थेट ताडून बघा. मूळ आकड्यांवर बांबूचे ८४,३१२. लोखंडीची ५ वर्षांची आवक आजच्या मूल्यात २,८८,३८४, खर्च ४,००,०००, म्हणजे १,११,६१६ तोट्यात. करार संपल्यावर अँगल आणि पत्रे सोडवून विकले तर ३,४५,००० मिळाले तरच ती बांबूच्या बरोबरीला येते. ४ लाखांच्या चाळीत मजुरी, पाया, वाळू-सिमेंट किती ते बघा, ते काही सोडवून नेता येत नाही. म्हणून बांबू. अँगल नटबोल्टचे असतील आणि पुढची जागा ठरलेली असेल तर वेगळं बोलू.

मोसम_खोरं

पटलं. पण मग हेच थोड्या प्रमाणात कादवाभाऊंनाही लागू होतं. पाच वर्षांनी साठवण तोट्यात जायला लागली तर बांबूवाला पुन्हा बांधणार नाही, एवढंच. लोखंडीवाल्याचे पैसे मात्र अडकलेले. ही मोकळीक तुमच्या २०,८७४ मध्ये कुठे आहे?

दारणा_लेखा

कुठेच नाही. दोन्ही पद्धती पंधरा वर्षं साठवण चालूच राहणार असं धरतात. त्या मोकळिकीला काही किंमत आहे, पण ती आकड्यात आणायची तर साठवण किती वर्षांत तोट्यात जाते याचा अंदाज लागतो. मी एवढंच बघते की अनुदान एकट्या लोखंडीला मिळालं तर तिची आघाडी या मोकळिकीपेक्षा मोठी आहे का.

मोसम_खोरं

त्यावर आपलं एकमत होणार नाही. ११,००० साठी ४ लाख अडकवायला मी तयार नसतो.

सिन्नर_घाट

कादवाभाऊ, शीट दुरुस्त केलं. १५ वर्षांचा तक्ता वेगळ्या पानावर आहे, त्यात पाचव्या आणि दहाव्या वर्षीचा चाळीचा खर्च हाताने टाकायचा आणि अनुदानाला वेगळी ओळ. महागाईचा दर एका चौकटीत आहे, तो बदलला की सगळं बदलतं.

कादवाकाठ

आभार सिन्नरदादा. बांबूवाल्याकडून दोन फूट तळाचा, सिमेंटच्या ठोकळ्यावर बोल्टने बसवलेल्या बल्लीचा नवा भाव मागवलाय. लोखंडीवाल्याला अनुदानाच्या आराखड्याप्रमाणे रुंदी-उंची करून द्यायला सांगितलंय. दोन्ही आले की इथे टाकतो. ताई, एक राहिलं: बांबूचं आयुष्य ६ वर्षं धरलं तर १५ वर्षांत अडीच चाळी होतात, मग तक्ता कुठे तोडायचा?

दारणा_लेखा

३० वर्षांवर, बांबूच्या पाच आणि लोखंडीच्या दोन. नाहीतर १५ वरच तोडा आणि तिसऱ्या चाळीची उरलेली ३ वर्षं ढोबळमानाने तिच्या त्या वेळच्या किमतीच्या अर्ध्याने आवक म्हणून दाखवा. पडीक बांबूला बाजारात कोणी अर्धी किंमत देणार नाही, पण तुम्ही ती विकणार नाही, वापरणार आहात. म्हणून इथे बाजारभाव नाही, उरलेल्या वापराची किंमत धरायची.